प्री-मॉर्टेम: सगळं अडतं ते पहिल्या चिठ्ठीपाशी

गणेशोत्सवात उकडीच्या मोदकांची आगाऊ ऑर्डर घेणारं आमचं ॲप दादर-माहीमपुरतं सुरू होणार होतं. लाँचआधी आम्ही प्री-मॉर्टेम घेतली, म्हणजे काम बुडालंच आहे असं आधीच धरून त्याची कारणं शोधायची बैठक. तिच्यातली एक पायरी मला अजून खटकते, म्हणून हे लिहितेय.

ही पद्धत मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त मांडली. आराखडा पक्का झाला की टीमला सांगायचं, ‘चतुर्थी होऊन गेली, ॲप साफ बुडालं. का बुडालं ते लिहा.’ प्रत्येकाने काही मिनिटं एकट्याने, न बोलता लिहायचं. मग आळीपाळीने एकेकाने एकच कारण वाचायचं आणि सगळ्यांची यादी संपेपर्यंत फेऱ्या चालू ठेवायच्या. ‘काय बिघडू शकेल?’ असं मात्र विचारू नका. त्यावर ‘तसं काही होणार नाही’ एवढंच उत्तर येतं. बुडालंच आहे असं धरलं की माणूस कारणं शोधायला लागतो. १९८९ साली मिचेल, रुसो आणि पेनिंग्टन यांच्या प्रयोगातही घटना नक्की घडली असं धरून विचारलं तेव्हा लोकांनी जास्त कारणं दिली.

लिहिण्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. अडलं ते वाचताना. क्लाइन सांगतात की सुरुवात प्रोजेक्ट मॅनेजरने करावी. आमच्या सरांनी वाचलं, ‘जाहिरात कमी पडली.’ हे कारण खोलीतल्या कुणालाच टोचणारं नव्हतं. झालं, पुढच्या सगळ्यांनी त्याच पट्टीत वाचलं: पाऊस जास्त झाला, विसर्जनाला रस्ते बंद होते, नेट गेलं. पुढच्या फेरीत एकाने पेमेंट अडकण्याबद्दल वाचलं, तर सर लगेच म्हणाले, ‘ते आपण बघितलंय, निगेटिव्ह नको.’ त्यानंतर दोघांनी चिठ्ठ्या घडी करून वहीत सरकवल्या. मला तिथेच संताप आला, कारण खरी कारणं त्या घड्यांत होती.

म्हणून मी फेरी थांबवली, सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या, मिसळल्या आणि वाचायचं काम दुसऱ्या टीममधल्या एका मॅडमना दिलं. फळ्यावर सगळं लिहून होईपर्यंत कुणीही उत्तर द्यायचं नाही, सरांनीसुद्धा नाही. प्रत्येकाने लिहिलेलं किमान एक कारण आपल्याच कामातलं हवं, हा नियमही घातला आणि त्यासाठी दोन मिनिटं वाढवून दिली. सरांना मी बाजूला सांगितलं, ‘सर, या वेळी तुमच्याच निर्णयामुळे बुडालं असं एक लिहा.’ त्यांनी लिहिलं, ‘मी लाँचची तारीख हलवू दिली नाही.’ ती चिठ्ठी वाचली गेल्यावर बाकीच्यांचीही भीड चेपली.

मग ओटीपीची चिठ्ठी निघाली. आपल्याकडे कंपन्यांना एसएमएसचा मजकूर आधी डीएलटी पोर्टलवर मंजूर करून घ्यावा लागतो. पाठवलेला मजकूर त्या नमुन्याशी जुळला नाही, तर मोबाइल कंपनी तो अडवते. सणाचं म्हणून ओटीपीच्या मेसेजमध्ये ‘गणपती बाप्पा मोरया’ घातलं होतं आणि नवा नमुना मंजूर व्हायचा होता. टेस्टिंगमध्ये हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण तिथे ठरलेला एकच ओटीपी टाकून आत जाता येत होतं. खरा मेसेज कधी निघतच नव्हता. शिवाय आमचा सर्व्हर ‘पाठवला’ असंच दाखवतो. तो पोचला की नाही, हे डिलिव्हरी रिपोर्टमध्येच कळतं. उपाय सोपा होता: जुना मजकूर परत लावला आणि जिओ, एअरटेल, व्हीआय अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या नंबरांवर खरे ओटीपी मागवून रिपोर्ट तपासला.

फळ्यावरच्या कारणांतून फार तर चार-पाच निवडा. प्रत्येकापुढे एक नाव, एक तारीख आणि ‘हे व्हायला लागलंय हे आधी कशावरून कळेल’ अशी एक ओळ लिहा. ओटीपीपुढे आमची ओळ होती: ‘ओटीपी मागितले किती आणि टाकले किती, यातली तफावत.’ ती ओळ नसेल तर यादी नुसती मीटिंगच्या फाइलमध्ये पडून राहते.

वेळेबद्दल: लाँचच्या दोन-तीन आठवडे आधी बसा. आदल्या दिवशी धोका कळूनही नमुन्याची मंजुरी हातात येत नाही.

आणि ऑफिसबाहेरच्या माणसांना बोलवाच. मोदक करणाऱ्या काकूंनी सांगितलेली गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही चिठ्ठीत नव्हती: ‘वाफवायला वेळ नाही लागत गं, कळ्या पाडायला लागतो. आणि नैवेद्याला सगळ्यांनाच एका वेळी हवेत.’ आमचं ॲप दिवसभराच्या एकूण ऑर्डरवर मर्यादा घालत होतं. ती बदलून तासागणिक मर्यादा घातली आणि सकाळच्या प्रत्येक तासाचा आकडा काकूंकडूनच घेतला.