३३ अंश, आणि तरीही गार पाय

फोन सकाळीच आला. "डॉक्टर, पिल्लं मरतायत. परवा आणली ती धड होती, काल बारा गेली, आज पहाटेपासून सव्वीस. कोणतं औषध चालू करू?" हजार ब्रॉयलर पिल्लं, नवीन शेड, पहिलीच बॅच. औषध मी आल्यावर ठरवू, असं सांगून निघालो.

शेडमध्ये शिरण्याआधीच आवाज ऐकू आला. उबेत असलेली, पोट भरलेली पिल्लं बारीक, समाधानी किलबिल करतात. इथे चढा, सलग, कर्कश चिवचिवाट होता. दोन ब्रूडर, म्हणजे छत्रीखाली ऊब देणारी यंत्रं, प्रत्येकाखाली पाचशे पिल्लं, भोवती ती पांगू नयेत म्हणून गार्डचं कडं. दोन्हीकडे पिल्लं छत्रीखाली एकमेकांच्या अंगावर चढून बसली होती आणि कड्यातली बाकीची जागा मोकळी पडली होती. मालकाने खांबावरचा थर्मामीटर दाखवला. "बघा, ३३ आहे. पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ हवं ना?"

आकडा बरोबर होता. फक्त तो थर्मामीटर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर होता, आणि पिल्लू जमिनीपासून चार बोटांवर जगतं. गरम हवा वर चढते. शिवाय पहिल्या दिवसांत पिल्लू पायांच्या तळव्यांतून आणि पोटाच्या उघड्या कातडीतून जमिनीला उष्णता देत राहतं, आणि हवेचा थर्मामीटर ते सांगत नाही.

चार-पाच पिल्लं उचलून त्यांचे पाय मी गालाला लावले. बर्फासारखे गार. बोटांची कातडी राठ झालेली असते, गालाला फरक चटकन कळतो. मग इन्फ्रारेड थर्मामीटर भुशावर धरला. छत्रीखाली २७, कड्याजवळ २१. भुसा हाताने बाजूला केला तर खालचा कोबा १८. पिल्लं उतरवताना भुसा ३० अंशांच्या वर आणि त्याखालची जमीन २८च्या आसपास हवी. ब्रूडर कधी पेटवला होता, विचारलं. पिल्लांची गाडी निघाल्याचा फोन आला तेव्हा, म्हणजे दीड-दोन तास आधी. शेड आदल्या दिवशी धुतलेलं, चुना मारलेला, कोबा अजून ओलसर. त्यावर बोटभर तूस. हवा तासाभरात तापते, ओल्या कोब्याला मात्र पूर्ण दिवस लागतो. म्हणूनच ब्रूडर २४ तास आधी चालू ठेवायचा असतो आणि भुसा निदान दोन इंच हवा. थंडीत त्याहून जाडच बरा.

पण खरी गोष्ट पुढेच होती. खाद्याचे ट्रे आणि पाण्याची भांडी कुठे होती? गार्डला टेकून, कड्याच्या अगदी बाहेरच्या बाजूला. छत्रीखाली गर्दी होऊन भांडी सांडतात म्हणून त्यांनी ती नीटनेटकी कडेला मांडली होती. म्हणजे पिल्लाला खायचं तर २१ अंशांच्या जमिनीवर चालत जायचं. दहा-बारा दिवसांपर्यंत पिल्लाला स्वतःचं तापमान नीट सांभाळता येत नाही. ते ऊब सोडत नाही, उपाशी राहतं. पहिले दोन-तीन दिवस पोटातला पिवळ्या बलकाचा साठा त्याला तगवतो. तो संपला की तिसऱ्या ते पाचव्या दिवसात मरतूक उसळते, आणि पाहणाऱ्याला वाटतं रोग आला.

वीस पिल्लांच्या गळ्याखालची अन्नपिशवी, क्रॉप, चाचपून पाहिली. पिल्लं आल्यापासून २४ तासांनी शंभरातल्या पंचाण्णवांची ती भरलेली, मऊ हवी. इथे तिसऱ्या दिवशी वीसपैकी तेरा रिकाम्या, तीन टणक (खाद्य पोचलं, पाणी नाही), फक्त चार ठीक. मेलेली सहा पिल्लं कापली. बेंबी मिटलेली, बलकाला दुर्गंधी नाही, म्हणजे बेंबीतून शिरलेला जंतुसंसर्ग नव्हे. पित्ताशय टम्म फुगलेलं, हे उपाशीपणाचं लक्षण. दोघांच्या गिझर्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, नुसतं तूस. समोर ट्रे भरलेला, आणि पिल्लाने पायाखालचा भुसा खाल्ला! ते पाहिल्यावर मालकाने हातातलं अँटिबायोटिकचं पाकीट मुकाट्याने खिशात घातलं.

पिल्लांवर तसाच गार भुसा ओतून उपयोग नव्हता. शेडच्या कोरड्या टोकाला तीन इंच तूस पसरून जादा ब्रूडर लावला आणि ते टोक तापू दिलं. तोवर जुन्या जागी छत्र्या खाली घेतल्या, गार्ड आत ओढून कडं लहान केलं. खाद्य आणि पाणी उबेच्या काठावर आणलं, अगदी छत्रीच्या मध्याखाली नाही. तिथे पाणी कोमट होतं आणि पिल्लं पीत नाहीत. भुशावर खरबरीत कागद अंथरून त्यावर क्रम्बल, म्हणजे बारीक दाण्यांचं खाद्य, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी टाकायला सांगितलं. ताज्या दाण्यांच्या आवाजाने पिल्लं उठून येतात. गुळगुळीत वर्तमानपत्र मात्र नको, पाय घसरून फाकतात. सुस्त पिल्लांच्या चोची एकेक करून पाण्यात बुडवल्या. संध्याकाळपर्यंत नवी जागा भुशावर ३१ झाली, तेव्हा पिल्लं हलवली आणि दोन तासांनी पुन्हा वीस क्रॉप चाचपले. सोळा भरलेले.

निघताना मालकाला मुद्दाम बजावलं की मरतूक उद्या थांबणार नाही. जी पिल्लं फार खंगली आहेत ती खाद्य समोर असूनही खात नाहीत. घाबरून औषधं सुरू करू नका. दुसऱ्या दिवशी एकवीस गेली, त्यानंतर सहा, मग एकदोन.

नवव्या दिवशी पुन्हा गेलो तर चित्र उलटं. थंडीचा धसका घेतलेल्या माणसाने छत्र्या तशाच खाली ठेवल्या होत्या आणि पडदे वरपर्यंत बंद. भुशाच्या पातळीवर ३५. पिल्लं कडेला पांगून, पंख सैल सोडून, चोची उघड्या टाकून धापा टाकत होती. दुसऱ्या आठवड्यात २९-३० पुरे. आठवड्याला दोन-तीन अंश उतरवत न्यायचे. आत शिरताच डोळे चुरचुरले. उकाड्याने पिल्लं पाणी जास्त पितात, विष्ठा पातळ होते, भुसा भिजतो आणि अमोनिया सुटतो. भांड्याजवळचा मूठभर भुसा दाबला तर त्याचा गोळा झाला आणि मूठ उघडल्यावरही फुटला नाही. कोरडा भुसा असा बांधला जात नाही. अशा ओल्या उबेत कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीची अंडी पिकतात आणि त्याची रक्ती हगवण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात समोर येते, तेव्हा हा ओलावा कुणाला आठवतही नाही.

छत्र्या वर घेतल्या, पडद्याची वरची बाजू वीतभर उघडली. गॅसचा ब्रूडर असेल तर ती फट रात्रीही ठेवायचीच. बंद शेडमध्ये विषारी वायू साठतो. गार्ड काढून टाकला. भांड्यांभोवतीची ओली पोपडी खरवडून बाहेर टाकली, तिथे कोरडं तूस भरलं, बाकीची गादी रेक फिरवून खालीवर केली. भांडी पिल्लांच्या पाठीच्या उंचीला उचलली, म्हणजे सांडणं कमी होतं.

वजनाचा हिशेब सातव्या दिवशीच कळला होता. ४२ ग्रॅमच्या पिल्लाने आठवड्यात चौपट तरी व्हायला हवं, म्हणजे साधारण १७०. इथे सरासरी १३० होती. चौदाव्या दिवशी सरासरी बरीच सावरली, पण कळप एकसारखा नव्हता. मोठ्यांच्या पायांत लहान दीडशेक पिल्लं तुडवली जात होती. ती वेगळी काढून त्यांचं कडं, उथळ ट्रे आणि एक ब्रूडर अजून आठवडाभर तसाच ठेवला. मालकाने तेव्हा थर्मामीटर खांबावरून काढून दोरीने चार बोटांवर टांगला होता आणि पुढच्या बॅचसाठी ब्रूडर कधी पेटवायचा ते भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं.