मिनेसोटात डेकचे खांब : 42 इंच खोल खणलं म्हणजे झालं का?

मिनिआपोलिसच्या उपनगरातल्या घरामागे लाकडी डेक बांधायचा, तर परमिटच्या कागदावर पहिला आकडा येतो तो 42 इंचांचा. मिनेसोटाच्या बांधकाम नियमांत राज्याचे दोन भाग केलेत. उत्तरेकडच्या भागात फुटिंगचा, म्हणजे खांबाखालच्या काँक्रीटच्या पायाचा, तळ जमिनीखाली किमान 60 इंच आणि आमच्या भागात 42. हिवाळ्यात गोठण साधारण इथवर उतरते असं धरून हे आकडे ठरवलेत. घराला जोडलेल्या डेकला यातून सुटका नाही. घराचा पाया तळघरामुळे बराच खोल असतो, तो हलत नाही. डेकची बाहेरची कड मात्र फुगलेल्या मातीबरोबर वर जाते आणि उतार घराकडे होतो.

माती फुगते ती फक्त पाण्याचं बर्फ होताना आकारमान नऊ टक्के वाढतं म्हणून नव्हे. तेवढंच असतं तर प्रकरण किरकोळ होतं. गोठणाऱ्या थराकडे खालच्या ओल्या मातीतलं पाणी केशाकर्षणाने ओढलं जातं आणि बर्फाच्या आडव्या चकत्या जाड होत जातात. भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी 1930च्या सुमारास पाण्याऐवजी गोठताना आकसणारा द्रव वापरला, तरी माती फुगलीच. यात सगळ्यात वाईट ती बारीक गाळाची माती. पाणी ओढतेही आणि वाहूही देते. स्वच्छ जाड वाळूत ओढ नाही, घट्ट चिकणमातीत ओढ भरपूर पण पाणी सावकाश येतं. माझ्या आवारात गाळमिश्रित चिकणमाती आहे, ओली गोळी वळली तर वळते आणि तळहातावर थोपटली की चकाकते. ही चकाकी दिसली की सावध व्हायचं.

आता हिशेब. डेक 12 बाय 16 फूट, एक बाजू घराला, बाहेरच्या तुळईखाली तीन खांब. मधल्या खांबावर 48 चौरस फुटांचा भार येतो. चौरस फुटाला 50 पौंड धरले (40 वापराचे, 10 लाकडाचे) की 2,400 पौंड. अशा मातीची ताकद चौरस फुटाला 1,500 पौंड धरतात. मी तळाशी 20 इंच व्यासाचा पसरट पाया घेतला, म्हणजे 2.18 चौरस फूट. काँक्रीटचं वजन धरूनही तो पुरतो.

खरी गोम बाजूंना आहे. गोठलेली माती खांबाला चिकटते आणि फुगताना त्याला धरून वर खेचते. 10 इंची खांबाची 42 इंचांची बाजू सगळी गोठली आणि पकड 65 किलोपास्कल धरली, तर ओढ साडेपाच टनांच्या घरात जाते. हिवाळ्यात रिकाम्या डेकचा भार आणि काँक्रीट मिळून खाली दाबणारं वजन जेमतेम अर्धा टन. म्हणजे तळ फ्रॉस्ट लाइनखाली असूनही सरळसोट खांब उपटला जाऊ शकतो.

म्हणून खड्डा 54 इंच खणला. तळाचा 12 इंच जाड पसरट भाग पूर्णपणे 42 इंचांखाली राहतो आणि वरच्या ओढीला न गोठलेल्या मातीत अडकतो. त्यातून वर खांबात सळया घेतल्याच पाहिजेत. काँक्रीट ताणात कच्चं, सळया नसतील तर खांब पसरट भागापासून तुटून वर येतो. खांबासाठी पुठ्ठ्याची गोल नळी, तिच्याभोवती जाड पॉलिथिनचे दोन वेढे, म्हणजे माती धरेल ती प्लास्टिकला. भोवती खडी भरा असं बरेच जण सांगतात. चिकणमातीत निचरा नसेल तर त्या खडीत पाणीच साचतं, म्हणून मी तीच माती थरांनी ठोकून भरली.

खणण्याआधी दोन कामकाजाचे दिवस 811ला फोन करावा लागतो; जमिनीखाली गॅस, विजेच्या वाहिन्या जिथून जातात तिथे ते रंगीत खुणा करून जातात. काँक्रीट ओतण्याआधी इन्स्पेक्टर येतो, टेप टाकून खोली बघतो आणि तळाची सुटी माती काढायला लावतो. सुटी माती ठेवली की भाराखाली खांब बसतो, तो गोठण्याशी संबंध नसलेला दोष आहे. एका खड्ड्याला 80 पौंडांच्या आठ गोण्या लागल्या. नळी जमिनीच्या वर चार इंच ठेवायची. नळीच्या तोंडाशी काँक्रीट बाहेर सांडून छत्रीसारखं पसरलं, तर त्या छत्रीखाली गोठणारी माती उचकटून काढते. ओलं असतानाच ते कापून टाकायचं.

डेकखालची जागा हिवाळ्यात जास्त गोठते, कारण तिथे बर्फाचं पांघरूण पडत नाही. फेब्रुवारीत डेककडे उघडणारं दार घासायला लागलं किंवा कठडा रेषेतून सरकला, तर खांब उचलला गेलाय असं समजावं. एप्रिलमध्ये तो पूर्ण परत बसत नाही, कारण उचललेल्या तळाखाली पोकळीत माती शिरलेली असते. दर हिवाळ्यात थोडी भर पडते. घराच्या भिंतीवरच्या पक्क्या खुणेपासून पाणपातळीने तिन्ही खांबांची उंची सप्टेंबर आणि फेब्रुवारीत मोजून ठेवली की कोणता खांब हलतोय ते कळतं.