अर्ध्या तासात तीन सांधे

"मॅडम, माझं वय बेचाळीस. नोकरी आणि घर सांभाळून रोज रात्री अर्धा तास मिळतो, त्याहून जास्त नाही. पियानो अगदी शून्यापासून शिकायचाय. त्या अर्ध्या तासात नेमकं काय वाजवू?"

पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत वाजवत बसायचं नाही, एवढं आधी ठरवा. मोठी माणसं माझ्याकडे शिकायला येतात तेव्हा बहुतेकांचा सराव तसाच चालू असतो. पान उघडायचं, सुरुवातीपासून वाजवायचं, अडलं की पुन्हा सुरुवातीपासून. मग होतं काय, तर पहिले दोन बार, म्हणजे पानावर उभ्या रेषांनी पाडलेले मात्रांचे तुकडे, तोंडपाठ होतात आणि जिथे अडतं तो तिसरा बार हाताखालून जेमतेम दोन-तीनदा जातो, तोही चुकीचाच. दिवसाला दोन तास असतील तर हे खपून जातं. अर्ध्या तासात नाही खपत.

एक खरी रचना घेऊनच सांगते. जी मेजरमधला मिन्युएट तुम्ही नक्की ऐकलेला आहे. बाखनं आपली पत्नी आना माग्दालेना हिच्यासाठी १७२५ मध्ये सुरू केलेल्या वहीत तो आहे. पुष्कळ वर्षं तो बाखच्याच नावावर होता, पण रचना ख्रिस्टियान पेत्झोल्डची. तीन मात्रांचा ठेका, एकूण बत्तीस बार. पहिले काही महिने पाच बोटं एकाच जागी ठेवून वाजवायच्या सोप्या सुरावटी झाल्या आणि दोन्ही हातांचे सूर वाचता यायला लागले, की मी हा हातात देते. त्याचे पहिले आठ बार समोर ठेवा.

आधी नुसतं पाहा. डावा हात पहिले सात बार जागचा हलत नाही. करंगळी जी या सुराच्या पट्टीवर, अंगठा वरच्या डीवर, मधली बोटं मधल्या पट्ट्यांवर, आणि सगळे सूर त्या पाच बोटांतच येतात. तिथे वेळ घालवायचं कारण नाही. उजवा हातही पहिल्या दोन बारमध्ये तसाच बसलेला असतो, अंगठा जीवर आणि करंगळी डीवर. म्हणजे अवघड जागा आहेत कुठे? उजव्या हाताच्या तीनच. दुसऱ्या बारमधून तिसऱ्यात जाताना हात अख्खा वर सरकतो आणि अंगठा जीवरून सीवर जातो. चौथ्या बारमध्ये वरच्या जीवरून एकदम खालच्या जीवर यायचं असतं, म्हणजे करंगळीपासून अंगठ्यापर्यंत पूर्ण सप्तकाचा ताण. आणि सहाव्यातून सातव्यात जाताना जीवर असलेल्या अंगठ्यावरून दुसरं बोट पलीकडे टाकून एफ शार्पची काळी पट्टी घ्यायची असते. या तीन सांध्यांसाठीच तुमचा अर्धा तास आहे. बाकीचे सूर आपोआप बसतात.

आता पहिला सांधा घेऊ, कारण बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. पेन्सिलीनं बोटांचे आकडे लिहून टाका. दुसऱ्या बारचा शेवटचा जी अंगठ्यानं, तिसऱ्या बारचा ई तिसऱ्या बोटानं, त्यानंतरचा सी पुन्हा अंगठ्यानं. काही छापील प्रतींत ईला वेगळं बोट दिलेलं असतं, तेही चालेल, पण एकदा ठरवलं की रोज तेच. आज तिसरं आणि उद्या चौथं असं झालं, तर हाताला रोज नवा रस्ता शिकावा लागतो आणि दोन आठवड्यांनीही तो सांधा कच्चाच राहतो.

मग फक्त तीन सूर वाजवा, जी, ई, सी. ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला साठवर, एका ठोक्याला एक सूर. जी वाजला की लगेच हात उचलून पुढच्या जागी न्यायचा आणि ठोका पडायच्या आत तिसरं बोट ईवर टेकलेलं असायला हवं. मी विद्यार्थ्याला तिथेच थांबवते. सूर वाजवायच्या आधी बोट पट्टीवर पोचलं आहे का, हे डोळ्यांनी पाहायचं. पोचलं नसेल तर गती जास्त आहे, मेट्रोनोम पन्नासवर आणा. सलग तीनदा बरोबर आलं की मागचा एक जी जोडा. पुन्हा तीनदा झालं की पुढचा डी. अशा रीतीनं दोन्ही बाजूंनी वाढवत नेलं, की पंधरा मिनिटांत दुसरा आणि तिसरा बार मिळून एक तुकडा होतो. तिसऱ्या बारमध्ये सी, डी, ई, एफ शार्प हे चारही सूर अर्ध्या मात्रेचे आहेत. पहिल्या दिवशी त्यांच्यासाठी सगळी गती थोडी उतरवावी लागते, ती बेलाशक उतरवा.

अर्ध्या तासाची मांडणी मी अशी देते. बसल्या बसल्या, बोटं गरम न करता, कालचा सांधा एकदाच वाजवायचा. तो एक प्रयत्न खरं सांगतो. काल रात्री विसाव्यांदा वाजवताना आलं होतं याचा अर्थ ते बसलं असा होत नाही, आज पहिल्याच फेरीत आलं तरच बसलं. आलं नाही तर पाच मिनिटं त्यावरच. त्यानंतरची पंधरा मिनिटं आजच्या सांध्याला. मग पाच-सात मिनिटं तोच तुकडा डाव्या हातासह, अगदी सावकाश. शेवटच्या तीन-चार मिनिटांत कुठल्याही सोप्या पुस्तकातल्या न पाहिलेल्या दोन ओळी वाचून वाजवायच्या, चुकलं तरी न थांबता. हे वाचन सोडू नका. ते सुटलं की माणूस बोटांच्या आठवणीवर वाजवायला लागतो आणि नवी रचना हातात आली की पुन्हा शून्यावर येतो. सुरांवर ए, बी, सी लिहून ठेवायची सवय मी म्हणूनच लवकर मोडते.

दोन हात एकत्र आले की एक गोष्ट हमखास बिघडते. दुसऱ्या बारपासून सहाव्यापर्यंत डाव्या हाताला बारमागे एकच सूर आहे आणि तो पूर्ण तीन मात्रा दाबून धरायचा असतो. उजवा हात धावायला लागला की डावा पट्टी सोडून देतो, आणि वाजवणाऱ्याला ते कळतही नाही. तपासायचं कसं? तिसऱ्या मात्रेवर मुद्दाम थांबा आणि खालचा सूर अजून ऐकू येतोय का ते ऐका. शांत असेल तर बोट उचललं गेलंय. उपाय असा, की डाव्या हाताचा सूर धरून ठेवायचा आणि उजव्या हातानं त्या बारचे सूर एकेक करून, ठेक्याशिवाय, वाजवायचे. दोन-तीन दिवसांत डावं बोट जागेवर राहायला लागतं. रात्री हेडफोन लावून डिजिटल पियानोवर वाजवत असाल तर सस्टेन पेडलला पाय लावू नका. पेडलनं सूर लांबतो आणि सोडलेलं बोट झाकलं जातं.

ज्या दिवशी दहाच मिनिटं मिळतील, त्या दिवशी फक्त कालचा सांधा आणि आजचा सांधा, बाकी सगळं सोडा.

एका सांध्याला साधारण दोन दिवस लागतात, म्हणजे सोमवारपासून शनिवारपर्यंत तिन्ही होतात. रविवारी मात्र सांधे नाहीत. मेट्रोनोम बंद करून फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि आठही बार एकदा, न थांबता वाजवा. लगेच ऐकू नका. चहा घ्या, मग पेन्सिल हातात घेऊन ऐका आणि जिथे ठेक्याला किंचित खड्डा पडतो त्या बाररेषेवर खूण करा. वाजवताना न जाणवलेला खड्डा ऐकताना चटकन सापडतो. दोनच खुणा झाल्या तर सोमवारी नवव्या बारपासून पुढचे सांधे शोधायला घ्या. त्याहून जास्त झाल्या तर याच आठ बारना आणखी एक आठवडा द्या.