एसएल उडाल्यावर पुन्हा आत

एसएल, म्हणजे तोटा ठरलेल्या भावाला थांबवणारी स्टॉप लॉस ऑर्डर, उडणं मला आता फारसं लागत नाही. लागतं ते त्यानंतरचं. आपण बाहेर पडलो, आणि पाच मिनिटांत तोच शेअर आपण म्हणत होतो त्याच दिशेनं पळायला लागला, की कान गरम होतात. दिशा बरोबर होती, पैसे मात्र गेले. या एका प्रसंगात मी वर्षभर जेवढं घालवलं, तेवढं चुकीच्या दिशेच्या सौद्यांत घालवलं नव्हतं.

आधी वाईट दिवसाबद्दल. मागच्या पावसाळ्यात एका सौद्यात 1,800 रुपयांचा एसएल गेला आणि भाव लगेच उलटला. मी चाळीस सेकंदांत दुप्पट क्वांटिटी मार्केट ऑर्डरनं, मिळेल त्या भावाला उचलली. ‘आता कुठं खाली येतोय’ म्हणून एसएल लावलाच नाही. तो आला खाली. मग रागानं तोच शेअर शॉर्ट केला, म्हणजे पडेल म्हणून आधीच विकला, तर वर गेला. संध्याकाळी हिशेब 14,200 रुपये तोट्याचा. यातला बाजाराचा वाटा 1,800, उरलेले 12,400 मी माझ्या हातानं दिले.

त्या रात्री ब्रोकरच्या साइटवरून ट्रेडबुक उतरवून घेतलं आणि फक्त दोन रकाने बघितले: बाहेर पडल्याची वेळ आणि पुढच्या खरेदीची वेळ. स्वतःला फसवायचं नसेल तर हे फार उपयोगी आहे, कारण आपल्या आठवणीत प्रत्येक सौदा विचार करूनच घेतलेला असतो. माझ्या वाईट दिवसांत हे अंतर एका मिनिटाच्या आत होतं, क्वांटिटी पहिल्यापेक्षा मोठी होती आणि ऑर्डर मार्केटची होती. वचपा काढायला निघालेल्या माणसाच्या या खुणा. सेटअपचं नाव काहीही असो.

त्यानंतर मी जी पद्धत बसवली, ती एका सौद्यावरूनच सांगतो. माझं इंट्राडेचं भांडवल चार लाख. एका सौद्यात जास्तीत जास्त 2,000 रुपये जाऊ द्यायचे, म्हणजे अर्धा टक्का.

शेअर एका बँकेचा. आदल्या दिवशीचा उच्चांक 642, हीच माझी लेव्हल. सकाळी 640 च्या आसपास उघडला, 639.80 पर्यंत खाली जाऊन वळला, 642 ओलांडून 645.60 ला टेकला आणि परत लेव्हलच्या दिशेनं खाली यायला लागला. मला हवा होता तो रिटेस्ट, ओलांडलेल्या लेव्हलकडे भाव परत येऊन तिथं टिकतो का ते बघणं. 10 वाजून 5 मिनिटांनी 643.50 ला 500 शेअर घेतले. एसएलचा ट्रिगर, म्हणजे ऑर्डर सुटण्याचा भाव, 639.50, सकाळच्या नीचांकाच्या जरा खाली. चार रुपये गुणिले पाचशे, 2,000 चा धोका. टार्गेट 651.50, मागच्या आठवड्यात भाव तिथूनच परतला होता.

10:22 ला एसएल उडाला. सरासरी 639.35 मिळाली, म्हणजे 2,075 रुपये गेले. शेअर 639.10 पर्यंत गेला आणि वळला. माझ्या ट्रिगरपासून चाळीस पैसे खाली, बस.

‘ऑपरेटरनं माझा एसएल खाल्ला’ असं पूर्वी मीही म्हणायचो. माझ्या पाचशे शेअरसाठी कोणी एवढा उद्योग करत नाही. सकाळचा नीचांक सगळ्यांना चार्टवर दिसतो आणि सगळे आपापले एसएल त्याच्याच खाली लावतात. भाव तिथं पोचला की ते सगळे विक्रीच्या ऑर्डर होतात, आणि ज्याला मोठी खरेदी करायची असते त्याला एका जागी भरपूर माल मिळतो. म्हणून अशा ठिकाणाहून भाव पुष्कळदा उलटतो. पुष्कळदाच, दर वेळी नाही. त्याच ठिकाणाहून तो कोसळतोही, आणि त्या पहिल्या मिनिटात दोन्ही कँडल, म्हणजे चार्टवरच्या भावाच्या पट्ट्या, अगदी सारख्या दिसतात.

एसएल गेल्यावर माझं पहिलं काम माऊस उलटा करून ठेवणं. हे शब्दशः. टेबलावर माऊस पालथा घालतो आणि शाळेच्या वहीत एक ओळ लिहितो: ‘मी हा सौदा कशासाठी घेतला होता आणि ते कारण आता आहे का?’ त्या दिवशी लिहिलं, ‘642 च्या वर खरेदीदार टिकून आहेत. आत्ता भाव 640.90. म्हणजे कारण सध्या नाही.’ मागून आई म्हणाली, “अरे, चहा गार होतोय.” मी म्हटलं, “होऊ दे, ठेव तिथंच.”

इथं एक भेद मला बराच उशिरा कळला. एसएल उडणं आणि कल्पना चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण एसएल उडाल्याक्षणी आपण यातल्या कुठल्या गोष्टीत आहोत ते कळत नाही. ते पुढच्या दोन-तीन कँडल सांगतात. भाव लेव्हलच्या खालीच राहिला तर विषय संपला. तो परत लेव्हलच्या वर येऊन पाच मिनिटांची कँडल वर बंद झाली, आणि पुढच्या कँडलनं लेव्हल तोडली नाही, तर खाली ढकलण्याचा प्रयत्न फसला असं धरायला जागा आहे. तेवढं दिसलं तरच माझ्यासाठी दुसरी एन्ट्री असते.

10:27 ला भाव 641.50 होता आणि बोट शिवशिवत होतं. पहिल्यापेक्षा दोन रुपये स्वस्त मिळतोय! हा मोह खोटा नाही, थांबण्याची किंमत खरोखरच मोजावी लागते. पण 641.50 ला घेतलं असतं तर कारण एकच होतं, आत्ता उडालेला एसएल. कारण तपासायला मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: आज सकाळी वीज नसती आणि मी आत्ताच स्क्रीन उघडली असती, तर हा सौदा इथं घेतला असता का? 641.50 ला उत्तर नाही असं होतं. लेव्हलच्या खाली मी काही घेतच नाही.

10:35 ला कँडल 642.70 वर बंद झाली. पुढची 642.10 पर्यंत खाली येऊन 643.10 ला बंद. तिचा उच्चांक 643.40. त्याच्या वर ट्रिगर ठेवून खरेदीची ऑर्डर टाकली. बटण दाबून घेण्याऐवजी ऑर्डर लावून ठेवणं मला बरं पडतं, भावाला आपल्याकडे यावं लागतं. मिळाली 643.50 ला. अगदी त्याच भावाला, ज्याला पहिल्यांदा घेतलं होतं. पस्तीस मिनिटं आणि 2,075 रुपये खर्चून मी जिथल्या तिथं.

फरक आकड्यांत होता. एसएल आता नव्या नीचांकाच्या खाली, 638.60. अंतर 4.90. दुसऱ्या वेळी मी निम्माच धोका घेतो, म्हणजे 1,000 रुपये, आणि 1,000 भागिले 4.90 म्हणजे 204 शेअर. क्वांटिटी अशी धोक्यावरून निघते, ‘आता भरून काढायचंय’ यावरून नाही. दुसराही एसएल गेला असता तर दोन्ही मिळून तोटा 3,000 च्या आसपास राहिला असता. त्यानंतर त्या शेअरला त्या दिवशी हात लावायचा नाही. ब्रोकरच्या ॲपमध्ये सौदे बंद करून टाकणारा किल स्विच आहे. दुसरा एसएल गेला की मी तो चालू करतो, कारण तेव्हाच्या माझ्या शब्दावर माझा विश्वास नाही.

भाव वर गेला. पावणेबाराला 651 दिसला आणि मी नको ते केलं, कॅल्क्युलेटर उघडला. टार्गेटला 204 शेअरवर आठ रुपये, म्हणजे 1,632. पहिला तोटा 2,075. ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी वगैरे धरून दोन्ही सौद्यांचा खर्च अडीचशेच्या घरात. म्हणजे सगळं बरोबर करूनही दिवस जवळजवळ सातशे रुपये तोट्यात. बरोबरीत यायला भाव 655 च्या जवळ हवा.

मला वाटतं खरी परीक्षा इथंच असते, आणि एन्ट्रीच्या वेळी ती दिसत नाही. ‘टार्गेट 655 करू या’ हा विचार अगदी शहाण्यासारखा वाटतो, पण 655 ला चार्टवर काहीच नव्हतं. तो आकडा माझ्या तोट्यातून आला होता. बाजाराला माझा पहिला सौदा माहीत नाही. 651.50 ची ऑर्डर होती तशी राहू दिली आणि ती भरली.

दुपारी 2:50 ला शेअर 655.40 होता. होय, होता. मी वहीत आकडा लिहिला आणि चहा परत गरम करून घेतला.

ही पद्धत दर वेळी चालत नाही. नंतरच्या पंधरवड्यात एका वाहन कंपनीच्या शेअरमध्ये हेच चित्र जमलं, लेव्हलच्या वर कँडलही बंद झाली, आणि दुसरा एसएलही गेला. निफ्टी त्या वेळी दिवसाच्या नीचांकाला होता आणि मी तिकडे बघितलंच नव्हतं. आता बघतो: निर्देशांक उलट दिशेनं ओढत असेल तर दुसरी एन्ट्री नाही.

आणखी एक शंका मनात आहे. वारंवार पुन्हा आत जावं लागत असेल तर दोष पहिल्या एसएलच्या जागेत असू शकतो. त्या बँकेच्या सौद्यात एसएल चारऐवजी सहा रुपये लांब, 637.50 ला ठेवला असता तर त्याच 2,000 च्या धोक्यात 333 शेअर आले असते, तो उडाला नसता, आणि टार्गेटला 2,664 रुपये मिळाले असते. पण हा हिशेब उलटलेल्या सौद्यावर केलेला आहे. जिथं भाव उलटत नाही तिथं 2,000 तसेच जातात, आणि जिथं एसएल हलतही नाही तिथं 167 शेअर कमी असल्यामुळे प्रत्येक वेळी नफा घटतो. म्हणून सध्या दोन्ही जागा वहीत शेजारी शेजारी लिहितोय, पैसे मात्र जवळच्याच एसएलवर लावतोय. तीसेक सौदे झाले की बघीन.