आमची वाटचाल : फॉर्म्युला शिकवताना थांबायचं कुठे

देवगडात आमचं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, पण आता घरखर्चाचा मोठा भाग निघतो तो दुकानाच्या मागच्या खोलीतून, जिथे आम्ही व्हिडिओ बनवतो. मी स्क्रिप्ट लिहिते आणि आवाज देते, भाऊ स्क्रीन रेकॉर्ड करतो आणि एडिटिंग बघतो. विषय एकच, एक्सेल आणि गूगल शीट, तेसुद्धा ज्यांनी आजवर एकही फॉर्म्युला टाकलेला नाही अशांसाठी.

हे सुरू झालं २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. वाशीच्या मार्केटला आंबा पाठवायचा आणि दलालाकडून हिशोबाची पट्टी यायची वाट बघायची, ही नेहमीची पद्धत तेव्हा अडली आणि बऱ्याच बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना थेट पेट्या द्यायला घेतल्या. माल दलालाकडे गेला की हिशोब तो करतो, थेट विकला की तो आपल्याच गळ्यात, म्हणजे कोणाला किती पेट्या, दर काय लावला, गाडीभाडं किती, पैसे आले का. लोक वही घेऊन दुकानात यायचे की जरा एक्सेलमध्ये करून दे, आम्ही द्यायचो करून, पण दर बदलला की वही परत काउंटरवर. म्हणून शिकवायला लागलो, आणि एकेकाला शिकवणं शक्य नाही म्हणून व्हिडिओ. पुढे काजू फॅक्टरीवाले, होमस्टेवाले, बचत गट यांनी आपापल्या शीटवर व्हिडिओ करून मागितले आणि तिथून पैसे मिळायला लागले.

आमची सगळी पद्धत ठरली ती शेजारच्या काकूंना व्हिडिओ बघताना बघून. समोर लॅपटॉप, व्हिडिओ मोबाईलवर, आणि मोबाईल डब्याला टेकवून ठेवलेला. मी त्यांच्या मागे बसून फक्त बघत होते. त्या एक वाक्य ऐकायच्या, मान लॅपटॉपकडे वळवायच्या, माऊस हलवून सेल, म्हणजे शीटमधलं हवं ते घर, शोधायच्या, क्लिक करायच्या आणि परत मोबाईलकडे बघायच्या, तोवर व्हिडिओत दोन गोष्टी होऊन गेलेल्या असायच्या. म्हणजे बघणारा माणूस निम्मा वेळ व्हिडिओ बघतच नसतो, तो फक्त ऐकत असतो. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की स्क्रिप्ट लिहायची तऱ्हाच बदलते. "इथे क्लिक करा", "हे असं खाली आणा" ही वाक्यं चालतच नाहीत, कारण "इथे" म्हणजे कुठे ते ऐकून कळत नाही. प्रत्येक वेळी सेलचं नाव घ्यायचं, D2 म्हटलं की D2, मग ते दहा वेळा आलं तरी चालेल.

आमच्या स्क्रिप्टला दोन रकाने असतात, डावीकडे आवाज आणि उजवीकडे हात. एका ओळीत एकच कृती. आणि प्रत्येक ओळीनंतर थांबा लिहिलेला, किती सेकंद ते सुद्धा.

आता आमच्या पहिल्या धड्याचं उदाहरण घेते. शीट आंब्याच्या विक्रीचं, A रकान्यात गिऱ्हाईक, B मध्ये पेट्या, C मध्ये दर, D मध्ये रक्कम, E मध्ये भाडं. दुसऱ्या ओळीत ४ पेट्या, दर २५००. तिसऱ्या ओळीत २ पेट्या, दर २४००. चौथ्या ओळीत ६ पेट्या, दर २५००. D2 मध्ये टाकायचा आहे हा फॉर्म्युला:

```
=B2*C2
```

ज्याला येतं त्याचं हे दोन सेकंदांचं काम. स्क्रिप्टमध्ये मात्र याच्या सात ओळी होतात. D2 वर क्लिक, थांबा. बरोबरचं चिन्ह टाईप, थांबा. B2 वर क्लिक, आणि इथे जरा जास्त थांबा, कारण B2 भोवती रंगीत चौकट येते आणि D2 मध्ये आपोआप B2 लिहिलं जातं, हे बघणाऱ्याने स्वतःच्या स्क्रीनवर बघायला हवं. मग गुणिले, म्हणजे शिफ्ट दाबून आठ, ते कीबोर्डवर शोधायला वेळ लागतो. मग C2 वर क्लिक. मग एंटर. साध्या क्लिकनंतर आम्ही दोन ते तीन सेकंद ठेवतो, नवीन की शोधायची असेल तर पाच.

आणि सातवी ओळ? ती एंटरनंतरची, आणि माझ्या मते सगळ्या धड्यात तीच महत्त्वाची. एंटर दाबलं की D2 मध्ये १०००० येतात, पण चौकट एक घर खाली D3 वर सरकते, D3 रिकामा, त्यामुळे वरचा फॉर्म्युला बारही रिकामा दिसतो. काकूंनी एंटर मारलं आणि म्हणाल्या, "अगो, गेला खंय ता?" त्यांनी इतक्या मेहनतीने लिहिलेलं बरोबर, B2, गुणिले सगळं नाहीसं झालं होतं आणि तिथे नुसता आकडा उरला होता. म्हणून आमच्या स्क्रिप्टमध्ये एंटरनंतर चार सेकंद गप्प, मग "परत D2 वर क्लिक करा", मग वर फॉर्म्युला बारकडे बाण, आणि तिथे पाच सेकंद पूर्ण शांतता. सेलमध्ये दिसतं ते उत्तर, बारमध्ये दिसतो तो हिशोब. हा फरक डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही, मग व्हिडिओ कितीही लांबला तरी आम्ही ते कापत नाही.

एक गोष्ट आम्ही फॉर्म्युल्याच्याही आधी शिकवतो, Esc. कारण बरोबरचं चिन्ह टाकल्यावर शीट वेगळी वागते, तेव्हा कुठेही क्लिक केलं की तो सेल फॉर्म्युल्यात घुसतो. नवीन माणूस गोंधळला की बाहेर पडायला बाजूला कुठेतरी क्लिक करतो, मग फॉर्म्युल्यात भलतंच नाव येतं, तो अजून एक क्लिक करतो, परत नवीन नाव. Esc दाबा, सगळं सुटतं, हे आधी माहीत असलं की भीती जाते. याचमुळे रेकॉर्डिंगच्या वेळी भावाच्या रकान्यात "हात उचल" असं लिहिलेलं असतं, म्हणजे बोलणं चालू असताना माऊस हलवायचा नाही, कारण बाण हलला की बघणाऱ्याला वाटतं आपणही काहीतरी करायचंय.

मग D2 च्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला छोटा चौकोन पकडून खाली ओढायचा, D3 मध्ये ४८०० आणि D4 मध्ये १५००० येतात. इथे लोक खूश होतात, आणि आम्ही मुद्दाम दुसरा धडा लगेच याच शीटवर घेतो. गाडीभाडं पेटीमागे १५०, ते G1 मध्ये एकदाच लिहिलेलं. E2 मध्ये B2 गुणिले G1 केलं, ६०० आले, बरोबर. आता तसंच खाली ओढा. E3 मध्ये शून्य, E4 मध्ये शून्य.

हे शून्य स्क्रीनवर किती वेळ ठेवायचं यावर भावाचा आणि माझा बराच वाद झाला. त्याचं म्हणणं, चुकीचं उत्तर दाखवायचंच कशाला, सरळ बरोबर ते शिकव. मला वाटतं शून्य दाखवलंच पाहिजे आणि घाई न करता, कारण घरी त्यांना हेच दिसणार आहे. म्हणून व्हिडिओत E3 वर क्लिक करतो, बारमध्ये B3 गुणिले G2 दिसतं, आणि मी म्हणते, खाली ओढल्यावर B2 चा B3 झाला ते आपल्याला हवंच होतं, पण त्याच्याबरोबर G1 चा पण G2 झाला आणि G2 रिकामा आहे. सहा सेकंद थांबा. मग E2 मध्ये परत जाऊन G1 ला डॉलरचा खिळा मारायचा:

```
=B2*$G$1
```

एक्सेलमध्ये फॉर्म्युल्यातल्या G1 वर कर्सर ठेवून F4 दाबलं की दोन्ही डॉलर येतात, काही लॅपटॉपवर Fn पण सोबत धरावं लागतं. पण आम्ही धड्यात डॉलर हाताने टाईप करायला लावतो, शिफ्ट आणि चार, हळू हळू, कारण F4 परत परत दाबलं तर डॉलर बदलत जातात, कधी एकच उरतो, कधी दोन्ही जातात, आणि नवीन माणसाला ते का झालं ते कळत नाही. मग खाली ओढल्यावर ३०० आणि ९०० येतात. शेवटी G1 मध्ये १५० चे १८० करून दाखवायचे आणि काही न बोलता थांबायचं, पूर्ण E रकाना एकदम बदलतो.

तिसरी अडचण आम्हाला लोकांच्या शीट बघून कळली. B3 मध्ये कोणी "2 पेट्या" असं लिहितं, वहीत लिहायची सवय असते तशी. मग D3 मध्ये #VALUE! येतं, ते एका अर्थी बरंच, निदान कळतं तरी. पण B रकान्याची बेरीज SUM ने केली तर काहीच एरर येत नाही, SUM तो सेल गुपचूप सोडून देतो आणि १२ च्या जागी १० सांगतो. ओळखायचं कसं, तर सेलला काही सेटिंग केलेलं नसेल तर आकडा उजवीकडे चिकटतो आणि अक्षरं डावीकडे. एखादा आकडा डावीकडे बसलेला दिसला की तो शीटच्या लेखी आकडा नाहीच. म्हणून आमच्या शीटमध्ये आकडे कधीच मधोमध घेत नाही, दिसायला छान वाटलं तरी, कारण मग ही खूण पुसली जाते.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात सांगते. स्क्रीन रेकॉर्ड करायला ओबीएस वापरतो, झूम मोठा ठेवतो म्हणजे A ते G एवढंच मोबाईलवर नीट वाचता येईल, कंट्रोल आणि F1 दाबून वरची रिबन मिटवतो, बार मात्र दिसतच राहतो. प्रत्येक पायरीची वेगळी क्लिप, आणि प्रत्येक पायरीच्या सुरुवातीच्या शीटची कॉपी सेव्ह केलेली, म्हणजे एखादी क्लिप परत घ्यायची झाली तर आकडे आणि रकान्यांची रुंदी तीच राहते. थांब्यांचे सेकंद मात्र घड्याळावर ठरत नाहीत, पहिला कच्चा व्हिडिओ काकूंना लावतो, त्या कुठे पॉज दाबतात ते स्क्रिप्टवर टिपतो आणि तिथला थांबा वाढवतो. पॉज दाबावाच लागू नये असं माझं धोरण आहे. आवाज पावसाआधी उरकतो, खोलीवर पत्रे आहेत, जून लागला की माईकमध्ये पाऊसच ऐकू येतो. आणि आंब्याच्या शीटचा व्हिडिओ फेब्रुवारीपर्यंत तयार हवा, एप्रिलमध्ये कोणाला बघायला वेळ नसतो.

सध्या नुसत्या मोबाईलवर गूगल शीट वापरणाऱ्यांसाठी वेगळी स्क्रिप्ट लिहिते आहे. तिथे शिफ्ट-आठ नाही, गुणिले आणि डॉलर कीबोर्डच्या चिन्हांच्या पानावर शोधावे लागतात, आणि व्हिडिओ बघायचा तर शीटमधून बाहेर यावं लागतं, त्यामुळे लॅपटॉपवाले सेकंद तिथे लागूच पडत नाहीत. पहिला फॉर्म्युला सात ओळींचा अकरा ओळींवर गेलाय, काकूंचा मोबाईल पुढच्या आठवड्यात मागितलाय.