कॅमचं गणित : ५४ पौंड ओढायचे, ११ पौंड धरायचे

माझ्या कंपाउंड बोचं, म्हणजे टोकांना कॅम नावाची चाकं असलेल्या धनुष्याचं, ओढायचं वजन मोजायला ड्रॉ बोर्ड एकदाचा उभा राहिला. जाड फळी, बोहरी आळीतून आणलेली हँड विंच आणि प्रवासाची बॅग तोलायचा डिजिटल काटा, एवढंच सामान. बो रायझरपाशी, म्हणजे मधल्या मुठीच्या भागापाशी, अडकवायचा, दोरीला काट्याचा हुक लावायचा आणि विंच फिरवत इंचाइंचाला वजन लिहीत जायचं. माझा ड्रॉ, म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावरची लांबी, २८ इंच.

सुरुवातीला काटा भराभर चढतो. साधारण १५ इंचांवर २४.५ किलो होतात, म्हणजे ५४ पौंड. पुढे २४ इंचांपर्यंत आकडा फारसा हलत नाही. मग मात्र उतरण लागते : २६ इंचांवर १५ किलो, २८ इंचांवर ४.९. धरायला उरले जेमतेम ११ पौंड. कमाल वजनातलं ८० टक्के वजन हातावरून उतरलं, हाच आपला ८० टक्के लेट-ऑफ.

क्लबात नव्या मुलांना हमखास वाटतं, की लिंब, म्हणजे धनुष्याचे वाकणारे हात, ढिले पडत असणार. उलट, फुल ड्रॉला लिंब सगळ्यात जास्त वाकलेले असतात आणि केबलवर ताणही सगळ्यात जास्त असतो. हलकं होतं ते कॅममुळे.

कॅमला दोन खाचा असतात. एकीत दोरी, दुसरीत केबल. कॅम आसाभोवती फिरतो, पण त्याचा आकार गोल नाही आणि आसही मधोमध नाही. त्यामुळे कॅम वळेल तसं आसापासून दोरीचं अंतर वाढतं आणि केबलचं घटतं. दार बिजागरीजवळ ढकललं तर जोर लागतो, कडीपाशी ढकललं तर बोटानंही उघडतं. कॅम दोरीला कडीकडे नेतो आणि केबलला बिजागरीकडे.

समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. मध्यावर केबलचा ताण ८० किलो, तिचं आसापासून अंतर २ सेंटिमीटर आणि दोरीचं ४. तोल सांभाळायला दोरीत ८० × २ ÷ ४, म्हणजे ४० किलो ताण हवा. शेवटी केबलचा ताण वाढून ९० झाला, पण तिचं अंतर ०.४ वर आलं आणि दोरीचं ८ वर गेलं. आता ९० × ०.४ ÷ ८, म्हणजे साडेचार किलो पुरतात. (बोटांवर येणारं वजन दोरीच्या कोनावरही ठरतं, त्यामुळे काट्यावर नेमके हेच आकडे दिसणार नाहीत.) मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलनला याचं पेटंट १९६९ साली मिळालं. त्याची चाकं साधी गोल होती, फक्त आस बाजूला सरकवलेला. कल्पना तीच.

लेट-ऑफमुळे बाणाचा जोर फारसा जात नाही. साठलेली ऊर्जा म्हणजे वजन आणि अंतर यांच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ. आपण घसरतो ते शेवटच्या तीनचार इंचांत. त्याआधीचं लांबलचक पठार शाबूत असतं. म्हणूनच हातात पाच किलो वाटले तरी बाण न लावता सोडायचं नाही. लिंबमधली सगळी ऊर्जा मग बोमध्येच फुटते.

आता माझ्या मूळ कामाकडे. पाच किलो धरायला सुखाचे, पण ५० मीटरवर वाऱ्यात नेम धरायची पिन भटकते, आणि पाठ जरा सैल पडली की दोरी पुढे सरकते. व्हॅली, म्हणजे शेवटचा हलका टप्पा, संपली की वजन एकदम वाढतं आणि बो हात ओढून नेतो. टार्गेटसाठी मला ७० टक्क्यांच्या आसपास हवं होतं. माझ्या कॅमवर केबलला टेकणारी स्टॉपची खुंटी आहे. ती अलीकडच्या भोकात घेतली की कॅम पूर्ण वळायच्या आधी थांबतो, म्हणजे केबल आसाच्या तितकी जवळ येत नाही आणि हातात जास्त वजन उरतं. काटा ७.१ किलोवर थांबला, म्हणजे ७१ टक्के. याची किंमत अशी, की कॅम लवकर थांबल्याने ड्रॉही आखूड होतो. तो भरून काढायला कॅमवरचं ड्रॉ ठरवणारं मॉड्यूल एक घर लांब केलं आणि दोन्ही आकडे पुन्हा मोजले. नुसते लिंब बोल्ट ढिले केले असते तर कमाल वजन आणि धरायचं वजन दोन्ही उतरलं असतं. टक्केवारी जवळपास जागच्या जागी राहिली असती.

माझ्यासारखे दोन्ही कॅमवर खुंट्या असतील तर त्या दोन्ही सारख्याच सरकवाव्या लागतात. एक आधी टेकली तर वॉल, म्हणजे ड्रॉ जिथे थांबतो ती जागा, दोन टप्प्यांत लागते : आधी मऊ, मग टणक. तपासायला विंच अगदी हळू फिरवायची आणि प्रत्येक खुंटी आणि केबलमध्ये कागदाचा कपटा धरायचा. दोन्ही कपटे एकाच वेळी पकडले गेले पाहिजेत. माझा वरचा आधी अडकतोय, खालचा अजून सहज निघतो. म्हणजे केबलच्या पिळाचं काम आलं, आणि ते लिंब दाबून धरणाऱ्या बो-प्रेसवरच करायचं. रविवारी क्लबात प्रेस रिकामा असतो.