मतदानाच्या सुट्टीचं परिपत्रक, इंग्रजीत अर्ध्या पानावर

“दोन-तीन पानांचं मराठी सरकारी परिपत्रक मराठी न येणाऱ्या सहकाऱ्याला सोप्या इंग्रजीत कसं द्यायचं? ओळ न् ओळ भाषांतर करायचं का?”

नाही. सहकाऱ्याला सहसा तीनच गोष्टी हव्या असतात: हे आपल्याला लागू आहे का, आपण काय करायचं आणि कधी. परिपत्रक या क्रमाने लिहिलेलं नसतं, म्हणून भाषांतर केलं तर तोही तुमच्यासारखाच पान-दीड पान शोधत बसेल, फक्त इंग्रजीत. त्याऐवजी अर्ध्या पानाचं सार लिहायचं.

उदाहरणाला मतदानाच्या भरपगारी सुट्टीचं परिपत्रक घेऊ. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीआधी राज्याचा उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभाग ते काढतो आणि पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांत ते अनेकदा मराठी न वाचणाऱ्या एचआरवाल्याच्या हाती पडतं. त्याचा साचा ठरलेला असतो. वर विषय, क्रमांक, दिनांक. मग ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या शीर्षकाखाली आधीच्या परिपत्रकांची वगैरे यादी. मग प्रस्तावना. मग खरा मजकूर. शेवटी संकेतांक म्हणजे परिपत्रकाचा लांबलचक संगणक क्रमांक, ‘राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’, सही आणि ‘प्रत’ म्हणून लांबलचक यादी. सारासाठी वाचायला सुरुवात करायची ती खऱ्या मजकुरापासून. प्रत-यादीचं इंग्रजी कुणालाच नको असतं.

प्रस्तावनेतून मात्र एक गोष्ट उचलायची: कायद्याचं नाव आणि कलम. इथे ते आहे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951, कलम 135(ब). सारात त्याचं अधिकृत इंग्रजी नाव लिहा, ‘रिप्रेझेंटेशन ऑफ द पीपल ॲक्ट, 1951, सेक्शन 135बी’. मूळ कायदा इंग्रजीत सहज मिळतो, त्यामुळे सहकारी तुमच्या शब्दावर विसंबून राहत नाही. इथे एक बारीक खड्डा आहे. मराठी परिपत्रकातले अ, ब, क, ड हे इंग्रजीत ए, बी, सी, डी होतात. उच्चाराकडे पाहून ‘क’चा ‘के’ केला, तर समोरचा नसलेलं कलम शोधत बसतो.

आता मजकूर. सरकारी मराठीत वाक्य पाच-सहा ओळींचं असतं आणि जबाबदारी शेवटच्या क्रियापदात असते, म्हणून पेन्सिल घेऊन आधी फक्त क्रियापदांखाली रेघा मारायच्या. ‘देता येईल’ म्हणजे ‘मे’. ‘घेणे आवश्यक राहील’ म्हणजे ‘मस्ट’. ‘देण्यात यावी’ हे ऐकायला विनंतीसारखं वाटतं, पण आहे आदेशच. त्याचं ‘शुड’ केलं की वाचणाऱ्याला ते ऐच्छिक वाटतं, म्हणून तिथेही ‘मस्ट’च. शिवाय ‘देण्यात यावी’ला कर्ता नसतो. इंग्रजी वाक्य कर्त्यापासून सुरू करायचं तर तो आगेमागे शोधावा लागतो. इथे तो आस्थापनेचा मालक, म्हणजे कंपनी.

या परिपत्रकातला सगळ्यात घातक परिच्छेद सवलतीचा. आशय असा: अपवादात्मक परिस्थितीत पूर्ण दिवस सुट्टी देणं शक्य नसेल, तर सुट्टीऐवजी दोन ते तीन तासांची सवलत देता येईल; मात्र त्यासाठी जिल्हाधिकारी किंवा जिल्हा निवडणूक अधिकारी यांची पूर्वपरवानगी घेणं आवश्यक राहील. घाईत केलेल्या सारात याचं ‘सुट्टी किंवा दोन-तीन तास’ असं होतं. मग साहजिकच दुसरा पर्याय निवडला जातो आणि परवानगीची कुणाला आठवणही राहत नाही. माझ्या मते ‘मात्र’च्या पुढचा भाग इंग्रजीत आधी आणावा: ‘विदाउट प्रायर परमिशन फ्रॉम द कलेक्टर ऑर डिस्ट्रिक्ट इलेक्शन ऑफिसर, गिव्ह द फुल डे.’ सवलतीचं वाक्य त्यानंतर. क्रम बदलला तरी आशय तोच राहतो आणि अपवाद नियमाच्या जागी जाऊन बसत नाही.

याच परिच्छेदापाठोपाठ येतं की कोणत्याही परिस्थितीत मतदारांना किमान दोन ते तीन तासांची सवलत मिळेल याची दक्षता घ्यावी. ‘किमान’ आणि ‘दोन ते तीन’ ही जोडी विचित्र आहे खरी. पण ती सुधारणं आपलं काम नव्हे. ‘ॲट लीस्ट टू टू थ्री आवर्स’ असंच लिहायचं आणि सोबत सांगायचं की मूळ शब्द हेच आहेत.

लागू कुणाला, हे सांगताना दुकानं, निवासी हॉटेलं, खाद्यगृहं, नाट्यगृहं, मॉल अशी यादी येते. ती सगळी नको. ‘सर्व आस्थापना, माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांचा स्पष्ट उल्लेख’ एवढं आयटीवाल्याला पुरतं. पण या यादीनंतरचं एक वाक्य सोडून चालत नाही: मतदार कामानिमित्त मतदारसंघाबाहेर असला तरी सुट्टी त्याला आहे. 2024च्या लोकसभेत याला फार अर्थ होता, कारण महाराष्ट्रात मतदान पाच टप्प्यांत झालं. बारामतीत 7 मे, पुण्यात 13 मे, मुंबईत 20 मे. पुण्यातल्या एकाच मजल्यावर तिन्ही ठिकाणचे मतदार बसलेले असतात. ‘13 मे रोजी ऑफिस बंद’ हे सार बारामतीच्या आणि मुंबईच्या मतदाराची सुट्टी बुडवतं. लिहायचं असं की सुट्टीचा दिवस ऑफिसच्या पत्त्यावर नाही, कर्मचाऱ्याचं नाव ज्या मतदारसंघाच्या यादीत आहे त्यावर ठरतो. आणि खाली तीन तारखांचा छोटा तक्ता. त्याच वर्षीच्या विधानसभेला सगळीकडे 20 नोव्हेंबरलाच मतदान होतं, तेव्हा एक ओळ पुरे झाली असती. तारखेत महिना अक्षरांनी लिहा. 07/05 पाहून अमेरिकेतल्या ऑफिसला 5 जुलै दिसतो.

परिपत्रकात नसलेलं सारात घुसवायचं नाही. सुट्टी किंवा सवलत न मिळाल्याने मतदान करता आलं नाही अशी तक्रार आली, तर ‘योग्य ती कारवाई’ होईल, एवढंच तिथे म्हटलेलं असतं. किती दंड, हे सहकारी विचारणारच. कलम 135(ब)मध्ये मालकाला पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. रोजंदारीवरच्या माणसालाही त्या दिवसाचा पगार आहे. आणि ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होऊ शकतं त्याच्यासाठी अपवादही आहे. हे उपयोगाचं आहे, पण ‘कायद्यातून, परिपत्रकात नाही’ असं शीर्षक देऊन वेगळं ठेवा. नाहीतर उद्या वकील परिपत्रकात पाचशेचा आकडा शोधेल आणि तुमच्या बाकीच्या ओळींवरही शंका घेईल.

पाठवण्याआधी ‘वाचा’खालची यादी एकदा पाहून घ्या. मजकुरात ‘अधिक्रमित’ असेल तर जुनं परिपत्रक पूर्ण बाद, ‘अंशतः बदल’ असेल तर जुनंही सोबत वाचावं लागतं, आणि नंतर एखादं शुद्धिपत्रक निघालं असेल तर तारीखच बदललेली असू शकते. सारात प्रत्येक ओळीपुढे मूळ परिच्छेदाचा क्रमांक द्या. क्रमांक नसतील तर पेन्सिलीने तुम्हीच घाला आणि तीच प्रत स्कॅन करून जोडा. तळाशी संकेतांक लिहा. त्याचे पहिले आठ अंक वर्ष-महिना-दिवस असतात, त्यामुळे मराठी न वाचताही सहकाऱ्याला हातातलं परिपत्रक कधीचं, हे ताडून बघता येतं.